उत्तरलेखन: औद्योगिकीकरण, कामगार, कुटुंब आणि शहरं. ‘एकत्र कुटुंब मोडलं’ हे वाक्य लिहावं का?

पांदणवाट (दिग्रस तालुका)

नमस्कार मंडळी. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून गावातल्या अभ्यासिकेत आम्ही काही मुली रोज एक उत्तर लिहून एकमेकींना वाचायला देतो. या आठवड्यात हा प्रश्न घेतला होता:

‘इंग्लंडमधील औद्योगिकीकरणाचे कामगार, कुटुंब आणि वाढती शहरे यांवर झालेले सामाजिक परिणाम स्पष्ट करा.’ १५ गुण, २५० शब्द.

माझ्या उत्तराचा मधला भाग देते:

‘औद्योगिकीकरणामुळे एकत्र कुटुंबपद्धती मोडकळीस आली. लोक खेड्यांकडून शहरांकडे गेले. स्त्रिया व बालकांचे शोषण झाले. शहरांत गलिच्छ वस्त्या वाढल्या व रोगराई पसरली. १८३३ च्या कायद्याने बालमजुरीची प्रथा बंद झाली.’

सराव परीक्षेत याला १५ पैकी ४ मिळाले. शेरा एवढाच, ‘साचेबद्ध’. यात चुकलं काय आणि सुटलं काय, ते कोणी नीट सांगाल का? पुस्तकात तर असंच आहे.

अकोट_एक्सप्रेस

ताई, आकडे नाहीत म्हणून गुण गेले. मँचेस्टरची लोकसंख्या १८०१ मध्ये ७५ हजारांच्या आसपास होती, १८५१ मध्ये ३ लाख. हे टाक. दुसरं, १८४२ च्या सरकारी आरोग्य अहवालात आहे की मँचेस्टरच्या मजुराचं सरासरी आयुष्य फक्त १७ वर्षं होतं. म्हणजे माणूस जेमतेम जवान व्हायचा आणि मरायचा. एवढं एक वाक्य टाकलं की तपासणारा हलतो. बाकी तुझं उत्तर ठीक आहे. एकत्र कुटुंब मोडलं, हे तर सगळेच लिहितात.

सेवाग्राम_रोड

सगळेच लिहितात म्हणूनच त्याला गुण मिळत नाहीत. मी बरीच वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. हे वाक्य प्रत्येक गठ्ठ्यात भेटायचं आणि प्रत्येक वेळी मला त्याखाली रेघ मारावी लागायची. पांदणवाट, तुमच्या उत्तरातलं तेच वाक्य आधी बाहेर काढू.

आपण आपल्या वाड्यातलं, चार भावांचं एक चुलाण असलेलं कुटुंब डोळ्यांपुढे ठेवतो आणि ते उचलून लँकेशायर या इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या भागात नेऊन बसवतो. इंग्लंडमध्ये कारखाने येण्याच्या आधीच्या दोनशे वर्षांच्या गावनोंदी तपासल्या गेल्या आहेत. घरात सरासरी पावणेपाच माणसं. नवरा, बायको, मुलं आणि काही घरांत एखादा नोकर. लग्न झालं की मुलगा वेगळा राहायचा. आजी-आजोबा किंवा काका-पुतण्या सोबत असलेलं घर दहात एखादंच. जे एकत्र नव्हतंच, ते कारखान्याने मोडणार कसं?

मोडलं ते वेगळंच. ते घर म्हणजेच कामाची जागा होती. बाप हातमागावर, बायको आणि मुली चरख्यावर, लहान पोरं कापूस पिंजायला. एका मागाला पुरेल एवढं सूत द्यायला चार-पाच जणींना कातत बसावं लागे. कापूस व्यापारी आणून द्यायचा, कापड तोच उचलायचा. हाल तेव्हाही होते आणि पोरं तेव्हाही राबायची. पण किती वाजता उठायचं, सोमवारी काम करायचं की शनिवारी रात्री उशिरापर्यंत बसून भरून काढायचं, हे घर ठरवायचं. मजुरी घराच्या नावावर यायची, एकेकाच्या नावावर नाही.

आता यंत्रं कोणत्या क्रमाने आली ते पाहा, कारण सगळी मेख तिथे आहे. आधी कताईचं यंत्र आलं. आर्कराइटची क्रॉमफर्डची पाण्यावरची गिरणी १७७१ ची. यंत्रमागाची कल्पना कार्टराइटने १७८५ मध्ये आणली खरी, पण तो माग सर्रास चालू लागायला १८२० उजाडलं. मधल्या काळात सूत स्वस्त आणि मुबलक, पण विणायला माणूसच लागतो. म्हणून काही वर्षं विणकराची चांदी झाली. क्रॉमफर्डला आर्कराइटने १७७६ च्या सुमारास कामगारांसाठी तीन मजली घरं बांधली. ती अजून उभी आहेत. वरच्या मजल्याला ओळीने रुंद खिडक्या, कारण तिथे बाप मागावर बसायचा आणि मागाला उजेड लागतो. बायको-मुलं खाली उतरून गिरणीत जायची. मोठ्या कुटुंबाचे विणकर तो मुद्दाम शोधायचा. त्याला पोरांचे हात हवे होते.

त्या एका घराच्या तीन मजल्यांत तुमच्या उत्तराचा कुटुंबाचा मुद्दा मावतो. घर फुटलं नाही. घरातलं काम फुटलं, आणि बायको-मुलांची मजुरी वेगळी मोजली जाऊ लागली. पुढे यंत्रमाग आला तेव्हा त्यावरही बहुतेक बाया आणि तरुण पोरीच बसल्या. वरच्या मजल्यावरच्या बापाची मजुरी घसरत गेली आणि घर बायको-मुलांच्या पगारावर चालू लागलं. विणकरांचा संताप नुसता भुकेचा नव्हता. घरातला मान गेल्याचाही होता.

जिनिंगवाला_भाऊ

राम राम. प्रश्न आपल्याच भागाचा हाये ना? मी सांगतो, मले अनुभव हाये. आमचे बाबा मिलमध्ये बदलीवर होते. सकाळी भोंगा वाजायच्या आधी गेटवर उभं राहायचं. नाव पुकारलं तं काम, नाई तं डबा घेऊन वापस. पाच मिनिटं उशीर झाला की गेट बंद, त्या दिवसाची रोजी गेली. आई जिनिंगमध्ये जाये, दिवाळीपासून होळीपर्यंत. लहान भावाले तिथंच झोळीत टाके. रुईचा भुसा नाकातोंडात जाये, रात्रभर खोकला. मिल बंद पडली तवा बाबाचे पैसे अडकले, अजूनही पूर्ण भेटले नाही. त्याच्यावर कोणी लिहीत काऊन नाही? बुटीबोरीत माह्या पोराले बारा तास उभं ठेवतात, तेही लिहा.

पांदणवाट (दिग्रस तालुका)

भाऊ, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण प्रश्न इंग्लंडचा आहे, १७६० ते १८५० च्या दरम्यानचा. सर, उत्तराच्या शेवटी आपल्याकडच्या गिरण्यांचं लिहिलं तर चालेल का? नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची आहे, हिंगणघाट आणि पुलगावलाही गिरण्या झाल्या.

आणि दुसरं, १८३३ च्या कायद्याचं वाक्य बरोबर आहे का? आणि लहान मुलं गिरणीत नेमकं काय करत होती?

सेवाग्राम_रोड

जिनिंगवाला भाऊ, तुमच्या वडिलांचं गेट उत्तरात लिहिता येणार नाही, पण प्रश्न समजायला ते फार उपयोगी आहे. लँकेशायरच्या कामगाराला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. तिथेही घंटा होती, तिथेही फाटक बंद व्हायचं, उशिराला दंड होता. काही ठिकाणी खिडकी उघडली किंवा कामात बोललं तरी दंड. काम जास्त झालं एवढंच दुःख नव्हतं, वेळ परक्याच्या हातात गेली. कामगारांच्या परिच्छेदात ‘शोषण’ हा एक शब्द लिहून थांबण्यापेक्षा हे दोन वाक्यांत लिहा.

पांदणवाट, एम्प्रेस मिल लिहू नका. २५० शब्दांत प्रश्नाबाहेरचं एक वाक्यसुद्धा महाग पडतं.

आता मुलं. कताईचं मोठं यंत्र एक पुरुष चालवायचा. त्याच्या हाताखाली तुटलेला धागा चालत्या यंत्रावरच जोडून देणारी पोरं असायची आणि यंत्राखाली सरपटत जाऊन कापसाचा कचरा झाडणारं त्याहून लहान पोर. या पोरांना बरेचदा मालक ठेवायचा नाही, तो कताई करणाराच ठेवायचा आणि आपल्या मजुरीतून पैसे द्यायचा. साहजिकच तो आपली, भावाची, शेजाऱ्याची पोरं घ्यायचा. म्हणजे गिरणीच्या आतसुद्धा बाप आणि मूल काही काळ एकत्र होते. मारायचा तोच, सांभाळायचाही तोच. याआधीच्या, खेड्यापाड्यांत नदीकाठी असलेल्या गिरण्यांत मात्र लंडनसारख्या ठिकाणच्या अनाथालयांतून आणलेली मुलं होती. त्यांचं तिथे कोणीच नव्हतं. ‘बालकामगार’ म्हणताना हे दोन प्रकार वेगळे ठेवा.

१८३३ च्या कायद्याने बालमजुरी बंद झाली नाही. कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी झाली, रेशमाच्या गिरण्या सोडून. नऊ ते तेरा वयाला दिवसाला नऊ तास, तेरा ते अठराला बारा तास. लहानांना रोज दोन तास शाळा. आणि हे बघायला सगळ्या देशात चार निरीक्षक.

खरी अडचण वयाची होती. इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८३७ मध्ये. मग मूल नऊचं आहे हे ठरवणार कोण? डॉक्टर. तो मुलाकडे बघून दाखला द्यायचा की अंगापिंडाने हे नऊ वर्षांचं दिसतं. आईबापांना मुलाची मजुरी हवी, मालकाला मूल हवं, आणि दाखला अंदाजाचा. पुढे १८४४ च्या कायद्याने तास साडेसहावर आणले, पण वयाची अट नऊवरून आठवर खाली आली. ‘बंद झाली’ म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं.

यातून कुटुंबावर एक परिणाम झाला असं काही इतिहासकार मानतात. बापाचे तास बारा आणि मुलाचे नऊ, म्हणजे दोघांचा दिवस वेगळा झाला. यंत्रंही इतकी मोठी झाली होती की एका बापाची स्वतःची पोरं पुरत नव्हती, परकी आणावी लागत. बापाच्या डोळ्यांसमोरचं मूल परक्याच्या हाताखाली गेलं. दहा तासांच्या दिवसाच्या मागणीला हीसुद्धा एक कळ होती असा त्यांचा दावा आहे. यावर इतरांचे आक्षेप आहेत, कारण बापाने स्वतःचीच मुलं ठेवण्याचं प्रमाण मुळात किती होतं यावर एकमत नाही. म्हणून उत्तरात ‘काही अभ्यासकांच्या मते’ असं म्हणून लिहा.

उपकेंद्र_धारणी

मी आरोग्यसेविका आहे, परीक्षेशी संबंध नाही, पण अकोट एक्सप्रेस यांच्या १७ वर्षांबद्दल बोलायलाच हवं. तो आकडा आयुष्याचा नसावा, मेलेल्यांच्या वयाची सरासरी असणार. आमच्याकडे मेळघाटात हेच बघत आले आहे. वर्षाखालची लेकरं दगावली की सरासरी धाडकन खाली येते, याचा अर्थ मोठी माणसं तरुणपणी मरतात असा होत नाही. दहा मृत्यू धरा. त्यातली सहा लेकरं एकेक वर्षाची आणि चार माणसं एक्केचाळीस वर्षांची. बेरीज १७०, सरासरी १७. आणि सतराव्या वर्षी त्यात एकही मेलेलं नाही.

तेव्हा ‘माणूस जवान झाला आणि मेला’ असं लिहू नका. लेकरं मरत होती असं लिहा, ते जास्त खरं आहे आणि जास्त भयंकर आहे.

सेवाग्राम_रोड

ताईंनी अगदी नेमकं पकडलं. १८४२ चा तो चॅडविकचा अहवाल. त्यात मँचेस्टरच्या मजूरवर्गाचं मृत्यूचं सरासरी वय १७ आणि रटलंड या शेतीच्या भागातल्या मजुरांचं ३८ दिलं आहे. मँचेस्टरच्या मजुरांची निम्म्याहून अधिक मुलं पाच वर्षांच्या आत जात होती, हेही त्याच अहवालात आहे. लोंढ्याने तरुण माणसं येत असलेल्या शहरात ही सरासरी आणखी फसवी होते, कारण म्हातारे मुळातच थोडे. तरी दोन भागांतला फरक खोटा नव्हे. आकडा जरूर वापरा, शेजारी कारण द्या.

आणि शहराबद्दल बहुतेकांच्या उत्तरात न येणारी गोष्ट सांगतो. पन्नास वर्षांत चौपट झालेलं मँचेस्टर, कागदोपत्री १८३८ पर्यंत नगरपालिका असलेलं शहरच नव्हतं. जमीनदाराच्या जुन्या गावसभेचं न्यायालय आणि १७९२ मध्ये नेमलेलं एक आयुक्तमंडळ, एवढ्यावर कारभार. संसदेत स्वतंत्र प्रतिनिधी १८३२ पर्यंत नाही. म्हणजे लाखो माणसांच्या वस्तीत गटार कोणी बांधायचं, पाणी कुठून आणायचं, घर बांधणाऱ्याला किती जागा मोकळी सोडायला लावायची, हे सांगणारा धड अधिकारीच नव्हता.

घरं बांधणारे छोटे ठेकेदार. गिरणीच्या चालत पोचता येईल एवढ्या अंतरावर जागा पाहिजे, म्हणून पाठीला पाठ लावून घरांच्या रांगा. मागची भिंत दुसऱ्याच्या घराची, म्हणून वारा एकाच बाजूने. एका रांगेला मिळून एखादा संडास आणि एखादा पाण्याचा नळ. सगळ्यात गरीब माणसं तळघरात, बहुतेकदा आयर्लंडहून आलेली. १८३२ मध्ये पटकी आली तेव्हा ती अशाच वस्त्यांतून फिरली, १८४८-४९ ला पुन्हा आली. सार्वजनिक आरोग्याचा पहिला कायदा १८४८ चा, तोही बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक. ‘गलिच्छ वस्त्या वाढल्या’ याऐवजी ‘शहर वाढलं, पण शहराचा कारभार खेड्याचाच राहिला’ असं लिहा. मग परिणामाला कारण मिळतं.

संत्रापट्टा_मोर्शी

सर, मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. चित्र जरा एकतर्फी होतंय असं मला वाटतं. एवढे हाल होते तर लोक शहरात येतच का राहिले? दक्षिणेकडच्या शेतमजुरापेक्षा गिरणीतली मजुरी जास्त होती. १८४० नंतर खरी मजुरी, म्हणजे महागाई वजा जाता हातात उरणारी, वाढली आणि १८४६ ला धान्यावरचा आयातकर काढायचं ठरल्यावर पुढे भाकरीही स्वस्त झाली. तरुण मुलीच्या हातात स्वतःचा पगार आला, हा सामाजिक परिणाम नाही का? आमच्या गावात ज्या घरची मुलगी कंपनीत लागली, तिच्या लग्नाची बोलणी आता तिला विचारून होतात. हे उत्तरात यायलाच हवं.

सेवाग्राम_रोड

मुलीच्या पगाराचा मुद्दा बरोबर आहे, तो जरूर यावा. मजुरीवर मात्र मी तुमच्याशी अर्धाच सहमत आहे. १८२० च्या आधीच्या तीसेक वर्षांत खरी मजुरी फारशी हलली नाही यावर बऱ्याच जणांचं जमतं. नंतर किती वाढली आणि कोणासाठी, यावर वाद आहे. हातमागवाल्याची तर त्या सगळ्या काळात पडतच गेली. आणि दोन पैसे जास्त मिळाले पण तीन लेकरांतली दोन गेली, तर याला राहणीमान वाढलं म्हणायचं का? मी म्हणणार नाही.

लोक येत का राहिले, याचं उत्तर मात्र कुटुंबाच्या मुद्द्यातच आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. प्रेस्टन हे लँकेशायरमधलं कापडाचं शहर. तिथल्या १८५१ च्या जनगणनेचे घरोघरचे कागद तपासले गेले. तिथे सुमारे चौथ्या हिश्श्याच्या घरांत आईबाप-मुलांखेरीज दुसरे नातेवाईक राहत होते. कारखान्यांच्या आधीच्या इंग्लंडमध्ये हे प्रमाण दहात एक होतं, हे वर सांगितलंच. लग्न झालेलं जोडपं आईवडिलांकडे राहायचं, कारण भाडं परवडत नव्हतं. आजीला घरात ठेवायचे, कारण सून गिरणीत गेली की बाळ बघायला कोणी तरी हवं. खेड्यातला भाचा यायचा, कारण मामा मुकादमाजवळ शब्द टाकायचा. पांदणवाट, तुमचं मूळ वाक्य निदान या शहरात उलटं पडतं. गिरणीने नातेवाईक जवळ आणले.

अकोट_एक्सप्रेस

सर, हे लिहिलं आणि तपासणाऱ्याला हे माहीतच नसलं तर? त्याच्या आदर्श उत्तरात ‘एकत्र कुटुंब मोडलं’ असेल तर गुण कापेल. मी तरी धोका घेणार नाही.

सेवाग्राम_रोड

धोका आहे, नाही कसं म्हणू. म्हणून नुसतं उलट विधान करू नका. प्रेस्टन आणि १८५१ हे नाव-साल सोबत द्या. पुराव्यासकट लिहिलेलं वाक्य खोडायला तपासणाऱ्यालाही विचार करावा लागतो.

पांदणवाट (दिग्रस तालुका)

कुटुंबाचा परिच्छेद नव्याने लिहिला, बघा:

‘कारखान्यांपूर्वी विणकराचे घर हीच कामाची जागा होती, पती माग चालवी, पत्नी व मुले सूत कातत. कताई आधी गिरणीत गेल्याने पत्नी व मुलांची मजुरी वेगळी झाली आणि यंत्रमाग रूढ होताच पित्याचे उत्पन्न व घरातील स्थान घसरले. मुले गिरणीत तुटलेले धागे जोडत. १८३३ च्या कायद्याने त्यांचे तास मर्यादित केले, काम थांबवले नाही. तरुण स्त्रियांना स्वतंत्र पगार मिळाला. तथापि कुटुंब विस्कळीत झाले असे सरसकट म्हणता येत नाही: प्रेस्टनमध्ये १८५१ साली घरभाडे, बालसंगोपन व नोकरी मिळवणे यांसाठी नातेवाईक एकत्र राहत होते.’

ताई, तुमचं दहा मृत्यूंचं उदाहरण अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहिलंय. शहराच्या परिच्छेदात १७ आणि ३८ दोन्ही आकडे घेते, बालमृत्यूच्या कारणासकट.

सेवाग्राम_रोड

चांगलं झालं. ‘यंत्रमाग रूढ होताच’ मधला ‘होताच’ काढा, ती घसरण वीस-तीस वर्षं चालली होती. ‘रूढ होत गेल्यावर’ करा. प्रस्तावना दोन ओळींच्या पुढे जाऊ देऊ नका. मग कामगारांना ६० आणि शहराला ८० शब्द उरतात, आणि तेवढ्यात घंटा, फाटक, १८३८ आणि १८४२ सगळं बसतं.

जिनिंगवाला_भाऊ

सर, त्या चार निरीक्षकांचं वाचलं. माह्या पोराच्या बारा तासाची तक्रार कोठी करायची ते कोणाले माहीत असन तं सांगा.

संत्रापट्टा_मोर्शी

भाऊ, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कारखाना असेल तर कामाच्या तासांचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय बघतं. पगाराची पावती आणि हजेरीचा फोटो असेल तर जोडा.

सर, मजुरीचं मला अजून पटलेलं नाही. मी माझ्या उत्तरात १८४० नंतरची वाढ लिहिणार आहे, शेजारी हातमागवाल्यांचा अपवाद देऊन.